डक्टची भिंत

इंदिरानगरातल्या आमच्या चार मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. डोक्यावर एकच घर, आणि तेही कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. एका जानेवारीत तिथे एक जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरी करणारी. सोबत नवऱ्याचे वडील, पिंपळगाव बसवंतकडचे, उभा जन्म द्राक्षबागेत काढलेले. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं. आल्या आल्या डबाभर द्राक्षं घेऊन स्वतः खाली आले. "घरचीच हायेत ताई," म्हणाले, आणि दारातूनच परत गेले.

त्याच आठवड्यात माझी झोप उडाली. रात्री दीडच्या सुमाराला माझ्या उशामागे धाडकन पाणी कोसळल्याचा आवाज व्हायचा, मग भिंतीतून सरसरत खाली जायचा आणि शेवटी बराच वेळ गळगळ चालायची. मग तीनला, मग साडेचारला. मी शाळेत शिकवते, पाचला उठते. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात झोपमोड झाली की मी माणसात राहत नाही. शेजारी नवरा खुशाल घोरत असायचा, त्याचाही राग यायचा.

आवाज कपाटामागून येतो एवढं कळत होतं. तिथल्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, वरच्या संडासाचा पाइप खाली जातो. मी कपाटाच्या पाठीला थर्माकोलचे पत्रे चिकटवले, कपड्यांमागे जुन्या गोधड्या कोंबल्या. तसूभर फरक पडला नाही. मग मी ठरवून टाकलं की चूक वरच्यांची आहे.

एका संध्याकाळी जिन्यात त्यांची सून भेटली. मी आव पाहिला न ताव. "सासऱ्यांना सांगा जरा. रात्रीतून चारचारदा फ्लश ओढतात, खाली माणसं राहतात म्हटलं. एक बादली ठेवा, सकाळी एकदाच ओता." तिचा चेहरा लाल झाला. "प्रोस्टेटचा त्रास आहे हो त्यांना, काकू," ती हळूच म्हणाली. "मग डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं. हे म्हणताना मी मागे वळले तर चार पायऱ्या खाली ते स्वतः उभे होते, हातात मेथीची पिशवी. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्या बाजूने जाताना "बरं ताई" एवढंच म्हणाले.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही, कारण त्या रात्रीपासून आवाज बंद झाला. मी गाढ झोपले, आणि सकाळी नवऱ्याला ऐकवलंसुद्धा, की बोलल्याशिवाय या जगात काही होत नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. जिन्यात ते दिसले की बाजूला होऊन मला वाट द्यायचे. मला ते आदबीचं वाटायचं.

मेच्या ऐन उन्हात एका दुपारी ते बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले. मी चहाचा थर्मास घेऊन दवाखान्यात गेले. लघवीचं इन्फेक्शन होतं, अंगातलं पाणी पार आटलेलं होतं, किडनीवर ताण आला होता. त्यांची सून बाकावर बसली होती. तिने मला एकही कडक शब्द ऐकवला नाही. फक्त सांगितलं, "दुपारी चारनंतर पाण्याचा घोटही घेत नव्हते, काकू. आम्हाला आत्ता कळलं. रात्री उठावंच लागू नये म्हणून. म्हणायचे, खाली ताईंना पहाटे शाळेत जायचं असतं." मी थर्मास न उघडताच बाकावर ठेवला आणि निघाले. घरी येऊन मी नवऱ्यालाही हे सांगितलं नाही, एवढी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. त्यांचा फ्लश, त्यांचा पाइप, जे काय असेल ते दुरुस्त करू, पैसे मी देते, अशी माझी उदारता. प्लंबर वर जाऊन पाहून आला आणि माझ्या कपाटासमोर उभा राहिला. बोटांनी पाठीच्या प्लायवर टकटक केलं. "ताई, हितली भिंत कुठंय?"

भिंत मीच काढली होती. वरचं घर बंद असताना आम्ही घराचं काम केलं, तेव्हा बेडरूम लहान पडते म्हणून मी डक्टची विटांची भिंत फोडून कपाट दीड फूट आत सरकवून घेतलं. सुताराने विचारलं होतं, चालेल ना? मी म्हटलं, कुणाला दिसतंय.

प्लंबरने प्लाय उचकटला आणि मला दाखवलं. वरच्या संडासाचा पाइप बरोबर माझ्या छताच्या उंचीला डक्टमध्ये येतो आणि उभ्या पाइपला काटकोनात मिळतो. पाणी तिथे आपटतं, म्हणून ते धाडकन. पुढे ते पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटून खाली धावतं आणि पातळ पाइप थरथरतो. त्याचा आवाज भिंतीने अडवला असता. त्यात आमच्या कपाटाची लाकडी पट्टी थेट पाइपाला टेकलेली होती. "पाइप हालला की सगळं कपाट वाजतं. ढोलकीसारखं," तो म्हणाला. आणि थर्माकोल? तो हसला. "आवाज आडवायला वजन लागतं. हलक्यानं काय व्हणार? वरच्या म्हाताऱ्याचा काय दोष नाय यात."

ते शेवटचं वाक्य मी त्याला बोलायला सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांत काम झालं. पाइपाला धरून ठेवणारे घट्ट लोखंडी क्लॅम्प काढून आत रबर असलेले बसवले. काटकोनाच्या जागी तिरका जोड आला. पाइपाला आधी फोम आणि त्यावर जड रबरी चादर गुंडाळली. मग विटांची भिंत पुन्हा उभी राहिली, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, पाइपाला कुठेही न टेकणारी, आणि फटी रबरासारख्या मऊ मसाल्याने भरल्या. कपाट पुन्हा खोलीत आलं, खोली पुन्हा लहान झाली. नवऱ्याने वर जाऊन फ्लश ओढला. मी पलंगावर कान देऊन बसले होते. लांबून कुणीतरी हलकंसं खाकरावं एवढंच ऐकू आलं.

वरचे बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर मी वर गेले. खुर्चीत बसले होते, दंडाची कातडी लोंबत होती. मी सगळं सांगितलं. बाबा, भिंत मी फोडली होती, आवाज माझ्याच कपाटाचा होता, तुमची काहीही चूक नव्हती, मी फार वाईट बोलले. आता रात्री दहादा उठा. सांगताना मी रडले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सुनेकडे पाहून म्हणाले, "लय चांगल्या घरची बाई हाये. मला वाईट वाटू नाय म्हणून सगळं सोतावर घेती." मी पुन्हा सांगू लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या ताई. मला कळतं."

सुनेने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. डॉक्टरांनी दर दोन तासांनी प्यायला सांगितलं होतं. त्यांनी ग्लास उचलला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून गेले होते. मग माझ्याकडे पाहून ओशाळं हसले आणि दोन घोट घेऊन उरलेला ग्लास खाली ठेवला.