घरच्यांचं मी सांगतो न

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मी मोरीपाशी ताकात हात बुडवून बसले होते. कळमन्याच्या बाजारात सुकी मिरची उतरते, तिथे एका आडत्याच्या शेडमध्ये आम्ही बाया मिरचीचे देठ खुडतो. खुडलेल्या मिरचीच्या वजनावर मजुरी मिळते. हंगाम असला की मी आठवड्यातून तीनचार सकाळी जाते. घरी आले की हातांची आग होते, म्हणून ताक. हे काम मी गेली कित्येक वर्षं करते आहे आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. म्हाताऱ्यालाही.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. गिरणी बंद पडल्यापासून तो ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. घरी कोणी आलं की पहिला तोच भेटतो. पोस्टमन, वीजबिलवाला, मतं मागणारे, सगळ्यांशी तोच बोलतो. बायांनी ओट्यावर येऊन परक्या माणसाशी बोलायचं नाही, असा काही नियम नाही आमच्याकडे. तो बोलतो म्हणून आम्ही बोलत नाही, इतकंच.

मुलगी कंत्राटावर सरकारी सर्वे करायची. घरोघरी जाऊन कोण काय काम करतं ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. उन्हानं तोंड लाल झालेलं. तिनं समजावून सांगितलं की आमचं घर चिठ्ठीत निघाल्यासारखं निवडलं गेलं आहे, ती दर काही महिन्यांनी येईल, आणि सांगितलेलं बाहेर जाणार नाही.

"घरातल्या बायांना बोलावता का, आजोबा? त्यांचं त्यांनाच विचारते."

"त्या काय सांगतील? घरच्यांचं मी सांगतो न. तू लिह."

"मुलगा?"

"तो कामावर गेला. लिह न वं पोरी, ऊन होऊन राहिलं."

आतून मला सगळं ऐकू येत होतं. तो लिहवत होता, मुलगा गांधीबागेत कापडाच्या दुकानात पगारावर आहे. सून घरीच. बायको घरीच. मुलीनं पुन्हा विचारलं, मागच्या सात दिवसांत त्यांनी कमाईचं काही काम केलं का, एखाद दिवस, तासभर जरी?

"नाही न बाप्पा. स्वयंपाक करते, अजून काय करन?"

सून आत मशीनवर बसली होती. ती साड्यांना फॉल-पिको करते. गांधीबागेतले दोन दुकानदार तिला गठ्ठे देतात. मशीनचा आवाज ओट्यापर्यंत जात होता. मुलीलाही ऐकू येत असणार, कारण तिनं विचारलं, "ते शिवणकाम कोणाचं?"

"घरचंच आहे काहीतरी."

मग शिक्षण. माझ्या नावापुढे काय लिहायचं, तर तो म्हणाला, "शाळेत नाही गेली."

मी चौथी पास आहे. माझ्या लग्नात आलेल्या आहेराची यादी मी लिहिली होती आणि तो शेजारी बसून नारळ मोजत होता. ताकातले हात तसेच घेऊन मी उठले, पण तेवढ्यात चुलीवरचं उतू जायला आलं. ते उतरवून बाहेर आले तर मुलगी गेली होती.

"मी शाळेत नाही गेले?" मी विचारलं.

"मंग गेली होती का?" तो म्हणाला. खरंच विचारत होता. इतक्या वर्षांत त्याला माहीत नव्हतं.

पंधरवड्यानं तिचा साहेब आला. तपासणीला. मुलींनी काही घरं भरली की साहेब त्यातली थोडी घरं निवडून तेच प्रश्न पुन्हा विचारतो. म्हातारा तेव्हा बँकेत गेला होता. साहेबानं आम्हाला दोघींना समोर बसवलं आणि मुलगी आली त्याच्या आधीच्या सात दिवसांचंच विचारलं. मी कळमन्याचं सांगितलं. सुनेनं साड्यांचं सांगितलं. नवऱ्याबद्दल विचारल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग.

दिवाळीनंतर दुकानदारानं माझ्या मुलाला काढलं होतं. तो आता कामठी रोडवर भाड्याची शेअरिंग ऑटो चालवतो. हे मला आणि सुनेला माहीत होतं, म्हाताऱ्याला नव्हतं. दुकानातली ती नोकरी म्हाताऱ्यानं गिरणीच्या जुन्या ओळखीनं लावून दिली होती आणि ते तो अजून लोकांना सांगत असतो. मुलगा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि ऑटोत बसल्यावर वरून खाकी चढवतो.

साहेबानं टॅब बंद केला. "पोरीनं घरी बसून भरलं आहे सगळं," तो म्हणाला. "एकही माणूस जुळत नाही."

"आली होती न ती," मी म्हटलं.

"आली असेल हो आजी. ओट्यावरून परत गेली असेल."

मी अजून काही सांगेपर्यंत तो गाडीला किक मारत होता.

दोन दिवसांनी मुलगी आली. या वेळी टॅब नव्हता. म्हातारा खुर्चीत होता, मी उंबऱ्यात, सून माझ्या मागे. तिनं सरळ सांगितलं की साहेब तिचं कंत्राट बंद करायला निघाले आहेत. खोटी घरं भरली असा शेरा बसला की दुसऱ्या कोणत्याही सर्वेत घेत नाहीत.

"सगळ्यांची माहिती कुटुंबप्रमुखांनी दिली असं मी टाकलं आहे," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, ते काय, घरी बसूनही टाकता येतं. आजोबा, तुम्ही फक्त एवढं सांगा की मी विचारलं आणि तुम्ही सांगितलं."

म्हाताऱ्यानं पाय खाली घेतले. "मी सांगितलं ते चुकीचं आहे म्हणते का तू?"

"तपासणीत वेगळं आलं, आजोबा."

"म्हणजे सरकारी कागदावर खोटं लिहवलं म्हणून मलेच धरतील. रेशनकार्ड जाईल माझं. मी नाही काही बोलत साहेबाशी."

"रेशनचा याच्याशी काही संबंध नाही हो. आजींचं वेगळं आलं, ताईंचं वेगळं आलं, दादांचं..." ती थांबली.

"पोराचं काय?"

तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं जमिनीकडे. मुलीची नोकरी जात होती तरी तिनं तोंड उघडलं नाही, हे मी पाहिलं.

मग मीच सांगितलं. दुकान सुटलं, ऑटो चालवते पोरगा, दिवाळीपासून. एवढंच. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीकडे.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का कधी त्याले? तुम्ही त्याचं दुसऱ्याले सांगता, त्याले विचारत नाही."

"अन् तू वं? मिरची खुडते ते काय काम आहे का? दोन तास जाऊन येते."

"तुमच्या गुडघ्याचं तेल त्याच्यातूनच येते."

मुलगी म्हणाली, साहेब रविवारी तिच्याबरोबर यायला तयार आहेत. एकदाच. मग ती गेली. म्हातारा उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. रात्री मुलगा आला तेव्हा दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. मुलानं मला विचारलं, "सांगितलं का?" मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी तो खाकी घालूनच घरातून निघाला.

रविवारी साहेब आणि मुलगी आले. सगळे घरी होते. साहेब पलंगावर बसला, मुलगी दाराशी उभी. तिच्या हातातली पाण्याची बाटली ती सारखी उघडत होती आणि बंद करत होती.

"ही मुलगी इथे आली तेव्हा माहिती कोणी दिली?" साहेबानं विचारलं.

म्हाताऱ्यानं साहेबापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"यांनीच दिली," मी म्हटलं. "मी आतून ऐकलं. शाळेत नाही गेली म्हणाले माझ्याबद्दल. तिनं बायांना बोलवा म्हटलं होतं, तेही ऐकलं."

साहेबानं हात वर केला. "आजी, त्यांचं त्यांना बोलू द्या."

मला राग आला. पण बरोबर होतं त्याचं.

मुलगा कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, सांगून द्या न. तिची रोजी आहे."

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "आली होती ते," तो साहेबाला म्हणाला. "सगळं इचारलं तिनं. तासभर तरी काम केलं का तेही इचारलं. मशीनचंही इचारलं. मीच म्हटलं, मी सांगतो. मले जे माहीत होतं ते सांगितलं." मग मुलाकडे बघून, "मले कमी माहीत होतं."

साहेबानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं बाटली पिशवीत टाकली. मग साहेबानं प्रत्येकाला समोर बसवून पुन्हा विचारलं. मुलानं स्वतः ऑटोचं सांगितलं, बापासमोर. बापानं फक्त एक विचारलं, "भाडं किती पडते रोजचं?" आणि मुलानं सांगितलं. मला शाळेचं विचारलं तेव्हा मी चौथी म्हटलं आणि म्हाताऱ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, चौथी.

जाताना साहेब मुलीला म्हणाला, "शेरा काढतो मी. पण पुढच्या वेळी बाया घरात असतील तर दोन पावलं आत जा. नाहीतर पुन्हा चक्कर मार." ऐकताना ती मान हलवत राहिली. आत बोलावल्याशिवाय कसं जायचं, हे त्यानं सांगितलं नाही.

उन्हाळ्यात ती पुन्हा आली. टॅब घेऊन. खुर्ची रिकामी होती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. माझं झालं, सुनेचं झालं. मुलासाठी तिनं संध्याकाळचा फोन ठरवला.

"आजोबा?"

"त्यांचं काय लिहायचं? रिकामे आहेत. लिह काही काम नाही."

ती हसली. "नको आजी. बसते मी."

बसली. अर्ध्या तासानं म्हातारा आला, दोन्ही हातांत साड्यांचे गठ्ठे. मुलगा पूर्वी दुकानातून येताना ते आणायचा. आता म्हातारा आणतो, तयार झालेल्या पोचवतो, आणि कोणत्या साडीला कोणत्या रंगाचा फॉल हेही दुकानदाराशी बोलून येतो. त्यानं गठ्ठे मशीनपाशी ठेवले आणि घाम पुसत पलंगावर बसला.

"आजोबा, मागच्या सात दिवसांत काही काम केलं?"

"मी? मी काय काम करतो आता. बसून असतो."

"हे गठ्ठे?"

"हे काय काम आहे का? बसनं जातो अन् येतो."

"किती दिवस गेलात?"

"रोजच जाऊन राहिलो."

सुनेनं मशीन थांबवलं. मी तोंड उघडलं नाही. मुलीनं टॅबवर बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं, "घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस."

"कोणाच्या धंद्यात?"

"ताईंच्या."

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे. "सुनेचा मदतनीस," तो म्हणाला. "बिनपगारी." आणि मुलीकडे वळून, "बरं, तेच लिह. खरं आहे ते."