डेटाबेसकडे जाणारा बाण

"तिला काढलं की तुझं नाव बसतंय बघ. सर नाही म्हणणार नाहीत."

लॅबच्या दाराबाहेर बंद पडलेल्या वॉटर कूलरला टेकून आमचा ग्रुप लीडर त्याच्या मित्राला सांगत होता. मी आत शेवटच्या संगणकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं, पण मी तिथं आहे की नाही याने त्याला फारसा फरक पडला नसता. चार वर्षांत मी वर्गात कधी मोठ्याने बोललेच नव्हते. इंग्रजी शाळेतून आलेली, म्हणून मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. माझ्या मराठीवर हसत आणि माझं इंग्रजी लागलं की माझ्याकडे येत.

"आणि ती कॉन्व्हेंट?" मित्राने विचारलं.

"ती काय बोलते? तिला रिपोर्ट लिहायला दिलाय. गपगुमान लिहिते."

दोघं हसले.

काढायचं होतं ते माझ्या मैत्रिणीला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या विभागात तिघांचे ग्रुप होते. पहिल्या रिव्ह्यूत गाइड सरांनी विषय, डायग्रॅम आणि नावं मंजूर केली की ती पक्की. त्याआधी कुणाला वगळलं, तर त्याने नवा विषय घेऊन एकट्याने सुरुवात करायची. वर्षाच्या मध्यावर ते कुणाला जमत नसे. मग प्रोजेक्ट पुढच्या बॅचबरोबर, आणि वर्ष वाया. लीडरच्या मित्राचा ग्रुप भांडून फुटला होता, त्याला जागा हवी होती. आमची एक जागा रिकामी करता येण्यासारखी आहे, हे त्या दोघांनी हेरलं होतं.

माझी मैत्रीण खुलताबादहून एसटीने यायची. तिच्या वडिलांचं दर्ग्याजवळ फुलांचं आणि अगरबत्तीचं छोटं दुकान होतं. ते दुष्काळाचे दिवस होते. तिच्या गल्लीत टँकर येई, पण कधी येईल हे कुणीच सांगू शकत नसे. आईची कंबर धरलेली, वडील दुकानात, भाऊ कामाला पुण्याला. टँकर येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी तिला घरी थांबावं लागायचं. सरांची प्रोजेक्टची भेट दर शुक्रवारी असे आणि तिचे बरेचसे शुक्रवार गेले होते. सकाळी फोन यायचा, "अगं, आज येतोय म्हणतात. नाय आला तर दुपारच्या गाडीनं निघते. सरांना सांग ना." मी सरांना सांगायचे, पण इतक्या हळू की ते "हं" म्हणत आणि पुढच्या ग्रुपला बोलावत.

कॉलेजातही पाणी नव्हतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला दुपारनंतर कुलूप लागे, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच कमी प्यायचो. कॉलेजच्या मागच्या माळावर मात्र रोज नव्या इमारतींचे स्लॅब पडत होते आणि त्यांच्या बोअरचा खडखड आवाज लेक्चरमध्ये ऐकू यायचा. आमचं घर शहरात, पुंडलिकनगरात होतं. आमच्या सोसायटीचा टँकर ठरलेला होता, तो येऊन जायचा आणि मला कळायचंसुद्धा नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

विषय तिनेच सुचवला होता. टँकर भरून निघाला की चालकाने मोबाइलवर एक बटण दाबायचं, गल्लीतल्या लोकांना कळवलं जाईल, आणि वेबसाइटवर आज कोणत्या गल्लीचा क्रम आहे ते दिसेल. तेवढंच. "कळलं तर माणूस आपली कामं करून येईल ना," ती म्हणाली होती. "दिवसभर रस्त्याकडं बघत बसायला नको."

सरांची एक अट होती. यंदा ॲप्लिकेशन नुसतं लॅबच्या संगणकावर चालवून दाखवायचं नाही, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवून कुठूनही उघडलं पाहिजे. लीडरला त्यात विशेष काही वाटलं नाही. बिडकीनच्या बाजूला कारखान्यांसाठी जमीन जाऊन पैसा आलेल्या घरातला तो, नवी गाडी घेऊन यायचा. "मागच्या वर्षीचं ब्लॅक बुक आहे माझ्याकडं," तो म्हणाला. बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टला सगळे ब्लॅक बुक म्हणत. "होस्टेलचं आहे. होस्टेल शब्द बदलून टँकर टाकायचा. झालं."

आमच्याकडे प्रोजेक्टची पद्धत अशीच होती. रिपोर्ट आधी, काम नंतर. निष्कर्षाचं प्रकरणसुद्धा आधी. त्याने खरंच शब्द बदलून फाइल मला पाठवली. त्यात टँकरचे रेक्टर होते आणि टँकरमध्ये मुलींना रात्री आठनंतर प्रवेश नव्हता. मैत्रिणीला दाखवलं तेव्हा ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पोट धरून हसली. त्या वर्षातलं तेवढंच हसू मला आठवतं.

मग तिने पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं मोठं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढायला लागली. डावीकडे मोबाइल आणि ब्राउझर. तिथून एक बाण, त्यावर HTTPS, म्हणजे सुरक्षित जोडणी. मग मोठी चौकट, म्हणजे क्लाउडमधलं आमचं खासगी नेटवर्क. तिचे दोन भाग. बाहेरच्या भागात एकच छोटा सर्व्हर, त्यावर आमचं ॲप. आतल्या भागात डेटाबेस, इंटरनेटवरून त्याच्याकडे वाटच नाही. फक्त सर्व्हरकडून आलेली विनंती तो घेणार, असा फायरवॉलचा नियम. बाजूला रोजच्या बॅकअपची चौकट.

"डेटाबेस आत का?" मी विचारलं. तिच्याशी मी बोलायचे.

"अब्बूंच्या दुकानात गिऱ्हाईक पुढं उभं राहतं. माल मागतं, पैसे देतं. गल्ल्यात हात घालतं का? गल्ल्याला हात लावायचा तर अब्बूंनीच. तसा हा सर्व्हर." तिने पेन्सिल डेटाबेसवर टेकवली. "यात लोकांचे फोन नंबर असणार. आमच्या गल्लीतल्या बायांचे. ते उघड्यावर नाय ठेवायचे."

"आणि सर्व्हर एकच?"

"लोक किती येणारेत? चार गल्ल्या. गर्दी तीन-चार सर्व्हरांत वाटायला उगाच लोड बॅलन्सर लावला तर क्लाउड कंपनीनं दिलेले फुकटचे क्रेडिट संपायचे नि परीक्षेच्या दिवशी सगळं बंद."

त्या पानावरूनच मी रिपोर्टचा आराखडा केला. आधी गरज कुणाची आणि काय. मग डायग्रॅम. मग डायग्रॅममधल्या प्रत्येक चौकटीला एक उपविभाग: ती कशासाठी, ती बिघडली तर काय होईल, तपासायची कशी. तिच्या सांगण्यावरून क्लाउडवर चढवण्याचं प्रकरण वेगळं केलं, आणि त्याच्या शेवटी सगळं बंद कसं करायचं तेही लिहायचं ठरलं. निष्कर्षाची जागा कोरी ठेवली. मला पहिल्यांदा वाटलं की रिपोर्ट ही खरी गोष्ट असू शकते.

रिव्ह्यू शुक्रवारी होता. सकाळी तिचा फोन आला. मागून भांड्यांचा आणि बायांच्या भांडणाचा आवाज येत होता. "टँकर गल्लीच्या मोडावर आलाय म्हणे. रिकामा होऊन गेला तर चार दिवस नाय येणार. मी येते गं, उशीर झाला तरी येते. तू तेवढं डायग्रॅमचं सांग सरांना. तुला सगळं माहितीय."

मी हो म्हणाले. कूलरजवळचं ते बोलणं मी तेव्हा अजून ऐकलं नव्हतं.

दुपारी लॅबमध्ये ते ऐकल्यावर मी उठले आणि आमची फाइल घ्यायला लीडरच्या टेबलाकडे गेले. वर रंगीत प्रिंट होती. डायग्रॅम दुसरीच होती. जुन्या ब्लॅक बुकातून लोड बॅलन्सर उचलून आणला होता, त्याखाली तीन सर्व्हर. आणि डेटाबेस मोठ्या चौकटीच्या बाहेर काढून ठेवलेला, मोबाइलवरून थेट त्याच्याकडे जाणारा जाड लाल बाण.

तो आत आला. मी बाणावर बोट ठेवलं.

"काल ट्रायल घेतली ना," तो म्हणाला. "डेटाबेस आत ठेवला तर लॅबमधून जोडलाच जात नाही. इंटरनेटवरच्या सगळ्या पत्त्यांना उघडा केला, लगेच जोडला. मग डायग्रॅमपण तशीच केली."

सर्व्हरवर जाऊन तिथून डेटाबेस उघडायचा, बाहेरून नाही, हे तिने त्याला दोनदा सांगितलं होतं. मी तिथंच बसले होते. आता मला ते सांगता आलं असतं. पण मी नुसती मान हलवली आणि ती मान कशाची होती, ते मलाही कळलं नाही.

सरांच्या केबिनमध्ये पंखा चालू होता आणि तरी घाम येत होता. टेबलाखाली त्यांनी घरून आणलेला पाण्याचा कॅन. सर वाईट नव्हते, थकलेले होते. दिवसभर त्यांनी एकसारख्या डायग्रॅम पाहिल्या असाव्यात. लीडरचा मित्र दारात उभा राहिला, कुणी बोलावलेलं नसताना.

"लोड बॅलन्सर कशाला?"

"सर, लोड वाढला तर."

"चार गल्ल्यांचा किती लोड वाढेल, बाबा?" सरांचं बोट पुढं सरकलं आणि लाल बाणावर थांबलं. "हे काय? मोबाइलमधून थेट डेटाबेसला? मग मधे ॲप कशाला ठेवलंय, शोभेला? यात लोकांचे नंबर आहेत ना? कुणीही उघडून नेईल. फायनल इयरला आलात तुम्ही."

लीडर प्रिंटकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं.

"सर, डायग्रॅमचं काम तिच्याकडं होतं. तिनंच केलीय. आम्ही सांगायचो, पण ती येतच नाही. आजपण नाही."

"आज रिव्ह्यू आहे तरी नाही?"

"नाही सर. ह्याला घेतलं तर हा रोज येईल. ह्याचा ग्रुप पण नाही."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग आमच्या नावांचा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक कटकट मिटवायची होती, तेवढंच. तिचं नाव मधलं होतं. पेन तिथं टेकलं.

त्या क्षणी मी काय विचार करत होते, ते खरं सांगायचं तर अगदी क्षुल्लक होतं. या लीडरबरोबर अजून सहा महिने काढायचे आहेत, हे. मी मराठीत बोलले तर दारातला हसेल, हे. इंग्रजीत वाक्य जुळवायला गेले आणि ते माझ्या तोंडात जुळेना. खुलताबादच्या त्या मोडावर ती आता हंडे लावून उभी असेल आणि इथं काय चाललंय ते तिला संध्याकाळपर्यंत कळणारही नाही.

पेन हललं. माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, म्हणजे मी उठले असणार.

"सर, थांबा. ही तिची डायग्रॅम नाही. तिनं डेटाबेस आत ठेवला होता, सर्व्हर एकच होता. का ठेवला ते मला सांगता येतं. मी सांगते, सर, तुम्ही तोवर तिचं नाव खोडू नका."