अणूतला मासा

विज्ञान दिनाच्या परिपाठात, अणू कोसळत का नाही, हे मी कोळीवाड्यातल्या मुलांना सांगत होतो. केंद्रक इलेक्ट्रॉनला आत ओढतं, पण त्याला जितक्या कमी जागेत कोंडाल तितकी त्याची धडपड वाढते. जाळं आवळलं की मासा उसळतो, तसं. हा मासा मी अकरा वर्षं वापरत आलोय.

सातवीतली एक मुलगी उठली. तिच्या बापाची होडी आहे.

"सर, मासा दमतो. मग गप पडतो."

मी म्हणालो, "दमायला ऊर्जा गमवावी लागते. इलेक्ट्रॉन सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. त्याहून कमी ऊर्जा त्याला असूच शकत नाही."

तिने विचार केला.

"मग माशाचं कशाला सांगितलंत?" म्हणाली, आणि खाली बसली.