पंधरा नव्हे, पन्नास

आमच्या चिखलीच्या कॉलेजात संध्याकाळचा डिप्लोमा चालतो. विद्यार्थी सगळे कंपन्यांतले. कुणी भोसरीहून येतं, कुणी थेट महाळुंग्याहून. दिवसभर मशिनवर उभं राहून आलेली ही माणसं बाकावर बसली की मला आधी त्यांना पाणी विचारावंसं वाटतं.

आमचे परीक्षाप्रमुख सर म्हणजे शिस्तीचा माणूस. परीक्षेआधी त्यांनी पर्यवेक्षकांसाठी सूचनापत्रक काढलं आणि सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला आत घ्यावं, पण वाढीव वेळ देऊ नये. प्रश्नाचा अर्थ कुणालाही समजावू नये. छपाईची चूक वाटली तर आपल्याला कळवावं, म्हणजे दुरुस्ती सगळ्या वर्गांत एकदमच जाहीर होईल. कॉपीचा संशय आला तर आरडाओरडा न करता आपल्याला बोलवावं, जे दिसलं-ऐकलं तेवढंच लिहावं, आणि निर्णय होईपर्यंत विद्यार्थ्याला लिहू द्यावं. मी शेजारच्या मॅडमना म्हटलं, अहो, आता शिंक आली तर काय करावं तेही लिहा म्हणावं. सरांनी ते ऐकलं. बघितलं माझ्याकडे, पण पुढे वाचत राहिले.

शेवटच्या पेपरला पहिल्या रांगेतल्या एकाने हात वर केला. गणितात भार पंधरा दिला होता, आणि त्या आकड्याने उत्तर काही केल्या जमेना. मी तोंड उघडणार होते, पण पत्रक आठवलं. कळवलं. पेपर काढणाऱ्यांना विचारून सरांचा निरोप आला: पंधराऐवजी पन्नास वाचावे. मी वर्गात खणखणीत आवाजात सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि झालं आपलं काम म्हणून खुर्चीवर टेकले.

त्यानंतर ती आली. चाकण चौकात कंपनीची बस अडकलेली, धावत धावत आलेली, कपाळावर घाम. अर्धा तास संपायला जेमतेम वेळ उरला होता. हॉलतिकीट बघून मी तिला बसवलं. तिचं हे शेवटचं वर्ष, आणि हा एकच पेपर राहिलेला. तो निघाला तर कंपनीतल्या सुपरवायझरच्या जागेसाठी तिचं नाव जाणार होतं, हे तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं. घरी दोन मुलं, नवऱ्याची नोकरी गेलेली. मला तिची काळजी वाटत होती, उगाच कशाला खोटं बोलू!

थोड्या वेळाने मागून कुजबुज आली. तिच्या मागच्या बाकावरचा माणूस पुढे वाकून हळूच म्हणाला, "पन्नास." ती दचकली आणि तिने लिहिलेलं खोडलं.

माझं डोकंच फिरलं. अरे, डोळ्यादेखत! पण आरडाओरडा नाही. दात आवळून मी सरांना बोलावलं. केस झाली तर दोघांचंही वर्ष गेलं, आणि तिच्या हातची ती जागाही.

सर आले. कागदावर मी ऐकलं तेवढं लिहिलं: "पन्नास." त्यांनी ते वाचलं आणि मला एकच गोष्ट विचारली. "मॅडम, दुरुस्ती सांगितली तेव्हा या बाई आत होत्या का?"

नव्हत्या. आणि फळ्यावर मी ती लिहिलेली नव्हती, कारण पत्रकात जाहीर करावी एवढंच होतं. सरांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच खडू घेतला आणि फळ्यावर भलामोठा पन्नास लिहिला. दोघांना म्हणाले, लिहा. त्या माणसाला मात्र ताकीद मिळाली: बोलायचं नाही, हात वर करायचा. चौकशीत गेलेली मिनिटं सगळ्या वर्गाला वाढवून दिली. जाता जाता स्वतःच्याच पत्रकावर पेनाने भर घातली, दुरुस्ती फळ्यावर लिहावी आणि उशिरा आलेल्याला दाखवावी. मला तेव्हा तो माणूस इतका आवडला की विचारू नका.

पेपर सुटल्यावर जिन्यात ती त्या माणसावर खेकसत होती. मागाहून कळलं, दोघं एकाच कंपनीतले आणि त्या एकाच जागेसाठी दोघांचीही नावं जायची होती. "दादा, तुमचाच पेपर गेला असता की! गप्प बसायला काय झालं होतं?"

तो डब्याची पिशवी खांद्याला अडकवत होता. "बस चुकली म्हणून तुम्ही नापास आणि मी साहेब? ताई, मग रोज तुमच्या लाइनवर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

तिने पदराने डोळे पुसले, आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेऊन स्वतःच खाली घेऊन गेली.