कॉम्प्युटरमधली सर्व्हिसिंग

पुलगावकडच्या एका सूतगिरणीत मी सूत गुंडाळायच्या मशीनवर होते. कॉम्प्युटर आल्यापासून कोणतं मशीन सर्व्हिसिंगसाठी कधी बंद राहणार हे त्यात आधीच ठरायचं. त्या दिवशी प्लॅनिंगचे साहेब त्या मशीनवर काम लावत नसत आणि मशीनवालीला सुट्टी मिळे. म्हणून मी लेकीला पाहायला पाहुणे माझ्या मशीनच्या सर्व्हिसिंगच्या दिवशीच बोलावले.

पण फिटरला सर्व्हिसिंग वेळेआधी केल्याची शाबासकी हवी होती. त्यानं हात न लावताच कॉम्प्युटरात काम पूर्ण दाखवलं. मशीन मोकळं दिसताच साहेबांनी घाईची ऑर्डर त्यावर चढवली आणि माझी सुट्टी गेली.

मी फिटरला गाठलं. "काऊन रे, माह्या घरी पाहुणे येऊन राह्यले ना!"

"काकू, कॉम्प्युटरात मशीन एकदम फिट हाय."

"मंग कॉम्प्युटरालेच सूत गुंडाळू दे."

दुपारी कोरडं बेअरिंग किंचाळलं आणि मशीन जाम झालं. साहेब ऑर्डर कोणत्या मशीनवर ढकलावी म्हणून डोकं धरून बसले. फिटर कधी नव्हे तो ग्रीसचा डबा घेऊन धावत होता. मी हात धुऊन घरी गेले.

पाहुणे अजून बसलेले होते. लग्न त्याच बैठकीत जमलं. बेअरिंग मिळायलाच जास्त वेळ लागला.