सोळाव्या फोटोतलं तळं

माझ्या नवऱ्याला फोटो दाखवायच्या आधी दहा वेळा विचार करा. लोक फोटोत माणसं बघतात, शंतनू विजेचे खांब बघतो. ऑफिसातल्या एकाने 'ताप आहे, घरीच आहे' म्हणून सुट्टी घेतली आणि त्याच दिवशी ग्रुपवर मुलाचा आइस्क्रीम खातानाचा फोटो टाकला. शंतनूने मागची पाण्याची टाकी आणि अर्धवट दिसणारा रस्त्याचा नंबर जुळवून समुद्रकिनाऱ्यावरचं गाव शोधलं, आणि वर शहाणपणा करून ते ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून ते कुटुंब इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्याकडे जेवायला येत नाही.

मूळचा नागपूरचा, पोटापाण्याला एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो, म्हणजे स्वतः कधी चुकतच नाही अशी त्याची पक्की समजूत. सव्वीस वर्षं मी ती ऐकून घेतेय.

तर या माणसाकडे मार्च महिन्यात सुमेधामावशी आल्या. आमच्याच गल्लीत राहतात, वय चौऱ्याहत्तर. नवरा, आमचे काका, गेल्यावर एकट्याच होत्या. आता घर विकलं होतं आणि मेअखेर मुलाकडे, ईशानकडे, कायमच्या टेक्सासला, प्लेनोला निघाल्या होत्या. हातात टॅब्लेट.

"शंतनू, तुला ते जागा ओळखायचं येतं ना? ही एक ओळखून दे रे."

फोटोत एक बाई बाकावर बसलेली. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या हाताला लांबच लांब तळं. मावशींच्या आई. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत अमेरिकेला आल्या होत्या, एकदाच. नायगारा बघायला सगळे निघाले तेव्हा वाटेत मावशींनी स्वतः हा फोटो काढला. त्याच डिसेंबरात आई साताऱ्याला वारल्या. मावशींचं ग्रीन कार्ड अडकलेलं, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. मावशी गेल्या नाहीत.

"शेवटचं भेटायला नाही गेले मी," मावशी म्हणाल्या. "निदान ती बसली होती तिथे एकदा जाऊन बसते. टेक्सासहून कोण मला इतक्या लांब आणणार?"

जागेचं नाव त्यांना आठवत नव्हतं. गाडी काका चालवत होते, नकाशा काकांच्या मांडीवर, आणि काका आता नाहीत.

शंतनूने लगेच चष्मा चढवला. "एका फोटोवरून काही होत नाही, मावशी. त्या ट्रिपचे सगळे द्या."

त्या काळी काकांच्या कॅमेऱ्यात स्लाइड्सची फिल्म असे, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले पारदर्शक फोटो. ईशानने त्या एका वीकेंडला स्कॅन केल्या आणि स्लाइड्स चक्क टाकून दिल्या. एक काम मात्र बरं केलं होतं. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर छापलेला आकडाच त्याने प्रत्येक फाइलला नाव म्हणून दिला होता. म्हणजे कुठला फोटो कशानंतर काढला ते कळत होतं.

मग आमच्या डायनिंग टेबलावर तीन आठवडे तेच. चौदाव्या फोटोत पेट्रोल पंप, मागे वॉटकिन्स ग्लेनची पाटी आणि चौदा नंबरचा रस्ता. पंधराव्यात द्राक्षांचे मळे आणि हिरवा बोर्ड, जिनिव्हा १९ मैल, म्हणजे इथलंच, अमेरिकेतलं जिनिव्हा. सोळाव्यात आई. सतराव्यात जिनिव्हा गावातलं बँकेचं घड्याळ, बारा वाजून दहा मिनिटं. वॉटकिन्स ग्लेन सेनेका तळ्याच्या दक्षिण टोकाला, जिनिव्हा उत्तर टोकाला, मध्ये छत्तीस-सदतीस मैल पाणी.

"म्हणजे आई दुपारी बाराच्या आधी बसल्यात, बोर्ड आणि घड्याळ यांच्या मध्ये कुठेतरी," शंतनू मला समजावत होता. मी कणीक मळत होते. "त्या वेळी सूर्य आग्नेयेला. फोटोत ऊन डावीकडून, कॅमेऱ्याच्या मागून येतंय. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड साधारण पश्चिमेला. आणि तळं डावीकडे, म्हणजे दक्षिणेला. तळ्याचं पाणी दक्षिणेला कुठे असेल? उत्तर टोकावर. जिनिव्हाचा काठ. झालं."

"आणि पलीकडचे डोंगर जुळतात का?"

"तेवढे नाही जुळत. धुकं असेल. पस्तीस-छत्तीस वर्षांत झाडंही वाढतात, रेणू."

टेस्टरने हे बोलावं म्हणजे कमाल आहे, पण तेव्हा मीही कणीक मळत राहिले.

मेच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघालो. मावशींनी धपाटे आणि दह्याचा डबा घेतला होता, आणि नेसल्या होत्या साडी, जी त्या आता फक्त गणपतीत नेसतात. वॉटकिन्स ग्लेन ओलांडलं, चौदा नंबरच्या रस्त्याने तळ्याच्या कडेकडेने वर गेलो, साडेदहाला जिनिव्हा.

काठावर छान बाग आहे, बाकंही आहेत. मावशी एका बाकापाशी उभ्या राहिल्या, पाण्याकडे बघितलं, मग दुसऱ्या बाकापाशी गेल्या. शंतनू मागे मागे फोन घेऊन. पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "छान आहे हो जागा." आणि बसल्या.

ही ती जागा नव्हती. त्यांना कळलं होतं, आम्हालाही. आमचं मन राखायला त्या बसल्या होत्या, आणि मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. शंतनूचा चेहरा तर पार उतरला.

मी टॅब्लेट मागून घेतला. डोंगर, ऊन यातलं मला काही समजत नाही, म्हणून आईंकडेच बघितलं. मग शेजारी बसलेल्या मावशींकडे. मग पुन्हा आईंकडे.

"शंतनू, आईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

"गुजराती पद्धत असेल."

"अरे बाबा, गुजराती पदर मागून पुढे येतो. हा पुढून मागे गेलाय. आपलाच पदर आहे, फक्त चुकीच्या खांद्यावर."

मावशींनी टॅब्लेट ओढून घेतला. "आईचा पदर उजवीकडे? जन्मात नाही."

 शंतनू कपाळावर हात मारून म्हणाला, "ईशानने स्लाइड उलटी घातली." बाकीच्या फोटोंत पाट्या होत्या, अक्षरं उलटी दिसली असती म्हणून ते सुलटे घातले गेले. या एकातच अक्षर नव्हतं. आणि साडी आम्हा तिघांपैकी कुणीच वाचली नव्हती. तीन आठवडे आम्ही आरशातल्या तळ्याचा शोध घेत होतो.

त्याने फोटो उलटवला. पदर डाव्या खांद्यावर आला, तळं उजवीकडे गेलं, ऊन उजवीकडून मागून. "कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला," तो भराभर बोलायला लागला. "पाणी पूर्वेला. म्हणजे पश्चिम काठ, आत्ता आलो तोच रस्ता!" बोर्डापासून जिनिव्हापर्यंतच्या एकोणीस मैलांत रस्ता बहुतेक उंचावरून जातो, खाली पाण्यापर्यंत लोकांना उतरता येईल अशा जागा अगदी मोजक्या. फोनवरच्या नकाशात एकेका जागेवरून त्याने समोरच्या काठाची रेघ फोटोशी ताडून बघितली. दुसरी जागा जुळली, डोंगराचा उतार आणि पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक, दोन्ही. धुकंबिकं काही नव्हतं.

परत मागे गेलो. एका उताराच्या फाट्याने खाली उतरलो तर छोटासा बोटींचा धक्का, गवत, थोडे दगड. बाक नव्हतं. पण समोर ते टोक पाण्यात तसंच शिरलेलं होतं.

शंतनूने कॅमेरा कुठून धरला असेल त्याचा अंदाज घेतला आणि मावशींना हाताला धरून तिथे उभं केलं. "तुम्ही इथे होतात."

मावशींनी समोर बघितलं.  मग त्या जिथून फोटो काढला तिथून चालत निघाल्या, सहा-सात पावलं. बाकाच्या जागी गवतावर हळूच बसल्या आणि आम्ही दोघं नाहीच आहोत असं समजून शेजारच्या गवतावर हात ठेवला.

"आई," त्या म्हणाल्या, "आता आले गं मी. तेव्हा कार्डापायी येता आलं नाही."