पाचवी वेव्ह बाकी होती

कराडात प्लॉटरवर, म्हणजे नकाशे छापायच्या मोठ्या यंत्रावर, बिटकॉइनचा चार्ट छापणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. माझं काम घरांचे नकाशे काढण्याचं. आता सगळं संगणकावर होतं, पण डिप्लोमाला असताना हाताने काढलेले नकाशे अंगात भिनलेले, त्यामुळे ऑफिसात अजून बटर पेपरची गुंडाळी असते आणि शाईची पेनंही असतात. क्रिप्टोच्या नादाला लागल्यावर हे सगळं सामान उपयोगाला आलं.

नादाला लावलं माझ्या मित्राने. डिप्लोमाला आम्ही एका खोलीत राहायचो. तो माण तालुक्यातला, मी इथला. पुढे तो बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर झाला, मी टेबलाशी चिकटलो. दोघांनी मिळून काँक्रीट तपासायची लॅब काढायची, हे आमचं तेव्हापासूनचं ठरलेलं. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणारं यंत्र, दोन टाक्या, एक टेबल. एवढंच लागतं, पण स्वस्त नसतं. त्यासाठी बाजूला टाकलेल्या पैशातून दोघांनी आपापल्या खात्यात थोडं थोडं बिटकॉइन घेतलं. वाढलं की विकायचं आणि रहिमतपूरला भाड्याने गाळा घ्यायचा.

वाढलं म्हणजे किती आणि विकायचं कधी, हे सांगायला त्याने वेव्ह, म्हणजे भावाच्या लाटा, मोजायची विद्या आणली. भाव वर जाताना पाच टप्प्यांत जातो, हे मूळ सूत्र. एक, तीन, पाच वर जाणारे आणि मधले दोन व चार खाली येणारे. हा इंपल्स. पाच पुरे झाले की करेक्शन, म्हणजे उलटी उतरण, सुरू, त्याला साधारण तीन टप्पे, ए, बी, सी. पक्के नियम मोजकेच. दुसरी वेव्ह पहिलीच्या सुरुवातीच्या खाली जाता कामा नये. एक, तीन, पाच यांत तिसरी सगळ्यांत आखूड असता कामा नये. चौथीने पहिलीच्या टोकाखाली उतरता कामा नये. यातला एक जरी मोडला तरी मोजणी चुकली. बाकी सगळं नजरेवर. पहिली वेव्ह नेमकी कुठे संपली, हे चार जणांना विचाराल तर पाच उत्तरं मिळतील.

म्हणून आम्ही एक रीत पाडली, आणि ती माझी कल्पना होती, हे मला सांगितलंच पाहिजे. शनिवारी दुपारी मी आठवड्याच्या कँडल्सचा, म्हणजे भावाच्या उभ्या पट्ट्यांचा, चार्ट प्लॉटरवर दोनदा छापायचो. एक त्याला, एक मला. प्रत्येकाने वर बटर पेपर ठेवून एकमेकांकडे न बघता आकडे टाकायचे. खाली एक भाव लिहायचा, म्हणजे तो तुटला, बाजार त्याच्याखाली गेला, तर माझी मोजणी चूक. मग दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावायचे. दोघांचे आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर तेही ठीक, दोन शक्यता हातात आल्या. आणि एक अट होती. चुकलेला कागद ब्लेडने खरवडून दुरुस्त करायचा नाही, तसाच जपून ठेवायचा आणि नवा घ्यायचा. नाहीतर माणूस आपल्या चुका विसरतो.

पहिली दोन वर्षं ही रीत फार चांगली चालली. आम्ही तिच्याकडून भविष्य मागत नव्हतो. ‘असं झालं तर थांबायचं, तसं झालं तर निम्मं काढायचं,’ एवढाच ढोबळ अंदाज. आभाळाकडे बघून वाळवण आत घ्यायचं की नाही ठरवतात, तितपत. आमचे कागद अर्ध्या वेळा जुळायचे नाहीत आणि आम्ही हसायचो.

“गड्या, तुझी तिसरी माझ्या पाचवीवर बसलीया,” तो म्हणायचा.

“मग तुझी पाचवी उठव,” मी म्हणायचो.

गेल्या वर्षी भाव चढला तेव्हा मी गाळ्याची चौकशी केली. रहिमतपूरला रस्त्याच्या कडेला, पुढे ट्रक उभा राहील एवढी मोकळी जागा, भाडं झेपणारं. गाळ्याचे मालक म्हातारे गृहस्थ. म्हणाले, “दोन महिने दुसऱ्या कुणाला देत न्हाई, मग मात्र अडून बसू नका.” मी परत येऊन मित्राला म्हटलं, विकून टाकू. त्या शनिवारी त्याने आकडे टाकले. भाव टोकावरून जरा उतरला होता आणि त्याच्या मते ती उतरण चौथी वेव्ह होती.

“पाचवी बाकी हाय रं. आता विकलंस तर रडशील. पाचवी हुंदे, यंत्र नवं कोरं घिऊ, जुनं नको.”

माझ्या कागदावर पाच पुरे झाले होते आणि उतरण ही करेक्शनची ए होती. म्हणजे दोन शक्यता होत्याच. रीतीप्रमाणे मी निम्मं काढायला हवं होतं. पण त्याच्या मोजणीचा भाव अजून तुटला नव्हता, त्याचा हात माझ्यापेक्षा बरा, आणि नव्या कोऱ्या यंत्राचं आमिष मलाही होतंच. मी थांबलो.

महिनाभराने भाव आणखी उतरला आणि त्याने दाखवलेल्या पहिल्या वेव्हच्या टोकाखाली गेला. नियम मोडला. याच्यावर वाद नव्हता, भाव खाली लिहिलेला होता. मी म्हटलं, “संपलं. मोजणी चुकली.”

तो चार्टवर बराच वेळ वाकला. मग बोट ठेवून म्हणाला, “आपण पयली लय वर संपिवली. ही बघ, ही खालची टेकडी. पयली हितंच संपती. दुसरी हे वळण. मग चौथी पयलीला कुटं भिडती?”

खरंच भिडत नव्हती. तिसरी लांबच लांब झाली, दुसरी आपल्या जागेवर, सगळे नियम पाळलेले. एक आकडा बोटभर खाली सरकवला की मेलेली मोजणी जिवंत. कागद कशाला वाया घालवतोस, असं तोच म्हणाला. मी ब्लेड घेतलं आणि त्याच्या बटर पेपरवरचे एक आणि दोन खरवडून काढले. शाई खरवडायची मला सवय, खूण राहत नाही. भिंत हलवल्यासारखी मी पहिली वेव्ह हलवली. घरमालकाच्या हट्टासाठी भिंती हलवतोच की रोज. खाली नवा भाव लिहिला, आधीच्यापेक्षा बराच खाली.

पुढे भाव घसरत राहिला. दर शनिवारी तो यायचा आणि दर शनिवारी चौथी लांबत जायची. ती कधी सपाट होती, कधी त्रिकोण, कधी आणखी मोठ्या वेव्हचा तुकडा. मुदतीचे दोन महिने उलटले. म्हाताऱ्यांनी फोन करून सांगितलं की गाळा पाइपवाल्याला दिला. “आवं, मी लय वाट बगितली,” म्हणाले. त्यांची काहीच चूक नव्हती. बायकोने विचारलं, “मग आता?” मी तिला म्हटलं, पाचवी बाकी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

मला कळलं ते अगदी साध्या रीतीने. एका दुपारी माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून भाव बघायला त्याचा फोन घेतला. तो खाली गाडी सावलीत लावायला गेला होता. ॲप उघडलं तर त्याच्या शिलकीचं पान समोर आलं. शिल्लक शून्य. खाली जुना व्यवहार होता, सगळं विकल्याचा, आणि तारीख त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारची. ज्या शनिवारी त्याने मला पाचवी बाकी आहे असं सांगितलं, त्याच्या दोन दिवस आधीची. पुढे मी खरवडत होतो तेव्हा याच्या खात्यात काही उरलेलंच नव्हतं.

तो वर आला. मी फोन तसाच पुढे धरला. त्याने तो घेतला नाही, खुर्चीत बसला.

“सांगणार हुतो,” तो म्हणाला.

“कवा? सहावी झाल्यावर?”

तो हसला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला लॅब नकोच होती. बरीच वर्षं नको होती. सासरे पुण्याला ठेकेदारी करतात, त्यांच्याकडे जायचं ठरत होतं, आणि मला सांगायची जीभ रेटत नव्हती. त्यानेही विकू म्हटलं असतं तर पैसे हातात आले असते, गाळा समोर होता, मग त्याला तोंड उघडावंच लागलं असतं. म्हणून पुण्यासाठी आपलं आधी काढून घेतलं आणि मला पाचवी दिली. भाव चढेल, मी थांबेन, त्याला वेळ मिळेल. भाव पडेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं, असं तो दोनदा म्हणाला.

“पण मोजणी खोटी नव्हती,” तो म्हणाला. “नियमात बसत हुती. तूच बघितलीस.”

हे मला सगळ्यात लागलं, कारण ते खरं होतं. मी मनातल्या मनात त्याचे सगळे आकडे पुन्हा तपासले. त्याने नियम मोडलाय असं एका ठिकाणी जरी सापडलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. काही सापडलं नाही. ही विद्या अशीच आहे, ती कुणालाही नाही म्हणत नाही. जो जे मनात घेऊन चार्टवर वाकतो त्याला तेच दिसतं, आणि त्या दिवशी त्याच्या मनात माझ्यापासून सुटका होती.

मी फार ओरडलो. खालच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू गेलं असेल. म्हटलं, चोरी केली असतीस तर बरं झालं असतं, निदान चोर म्हणता आलं असतं. शेवटी तो म्हणाला, “गड्या, तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.”

“एकदा सांगून बघायचं हुतंस.”

तो उठला, दारात थांबला आणि शनिवारी येऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं बिटकॉइन विकलं, मिळेल त्या भावाला. त्या पैशात यंत्राचा पायासुद्धा आला नसता. नंतर भाव वर गेला की खाली, मी बघितलं नाही, कारण वर गेला असता तर तो बरोबर ठरला असता आणि मला ते सहन झालं नसतं. बाजाराचा मला राग नाही, तो मला ओळखतही नाही. पण ह्याने माझ्याबरोबर एका खोलीत तीन वर्षं काढली होती. कागदावर एक आकडा लिहून दिला की मी गप्प बसून वाट बघतो, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.